आधी काय होतं, ते कुणी मोजलं होतं?

इटलीतल्या व्होडाफोन कंपनीने आपल्या वेबसाइटच्या एका पानावर केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. जाहिरातीवर क्लिक केल्यावर ग्राहक थेट ज्या पानावर येतो, तसं हे पान होतं. कंपनीने त्याच्या दोन प्रती तयार केल्या. दिसायला दोन्ही सारख्या, त्यांवर करता येणाऱ्या गोष्टीही सारख्याच. फरक होता तो आतल्या बांधणीत. सुधारलेल्या प्रतीत काही काम ग्राहकाच्या फोनवर सोपवण्याऐवजी कंपनीच्या सर्व्हरवरच उरकलं जात होतं, वरचं मोठं चित्र गरजेपुरत्या आकाराचं केलं होतं, आणि पडद्यावर अजून न आलेली चित्रं आधीच उतरवून घेतली जात नव्हती. येणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांना ही प्रत दाखवली गेली, निम्म्यांना जुनी. पानाचा मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ सुधारलेल्या प्रतीत ३१ टक्क्यांनी सुधारला होता, आणि त्या प्रतीवरून झालेली विक्री ८ टक्क्यांनी जास्त भरली.

वेबसाइट बनवणारी एजन्सी पूर्ण झालेल्या कामाचा जो वृत्तांत लिहिते, त्याला त्या व्यवसायात केस स्टडी म्हणतात. अडचण काय होती, काम कसं केलं, परिणाम काय झाला, असे त्याचे तीन भाग ठरलेले असतात. व्होडाफोनच्या प्रयोगात हे तिन्ही भाग आहेतच, पण त्यावर विश्वास बसतो तो वेगळ्या कारणाने. दोन्ही प्रती एकाच दिवशी, एकाच जाहिरातीतून आलेल्या लोकांनी पाहिल्या. भाव तोच, हंगाम तोच. विक्रीत फरक पडला तर तो वेगामुळेच पडला असं म्हणायला जागा आहे, कारण बाकी काही वेगळं नव्हतंच.

आपल्याकडच्या लहान एजन्सीला असा प्रयोग सहसा करता येत नाही. दिवसाला पाच-सात ऑर्डर येणाऱ्या साइटवर लोकांची अशी वाटणी केली, तर दोन्ही बाजूंना इतके थोडे ग्राहक येतात की कुठलाही फरक निव्वळ योगायोग असू शकतो. शिवाय क्लायंटला दोन साइट सांभाळायच्या नसतात. एका रात्री जुनी साइट बंद होते, सकाळी नवी चालू होते. मग हातात उरते ती एकच तुलना, आधी आणि नंतर यांची. ही तुलना फसवी असते आणि तिच्यासाठी लागणारा अर्धा पुरावा, म्हणजे ‘आधी’, जुन्या साइटबरोबरच पुसला जातो. बहुतेक केस स्टडी पोकळ निघतात, त्याचं मूळ इथे आहे. लिहिणाऱ्याची भाषा चांगली असते, चित्रं देखणी असतात, पण काम सुरू झालं त्या दिवशी काहीच नोंदवून ठेवलेलं नसतं.

हे नीट कळावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. हा क्लायंट आणि त्याचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. अडचणी मात्र रोजच्या आहेत. रत्नागिरीजवळचा एक हापूस बागायतदार. मार्च ते मे या काळात तो स्वतःच्या वेबसाइटवरून मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना पेट्या विकतो. साइट सात-आठ वर्षं जुनी आहे. डिसेंबरमध्ये तो एका एजन्सीकडे येतो आणि म्हणतो, “साइट जुनाट दिसते. नवी करून द्या, ऑर्डरी वाढल्या पाहिजेत.”

केस स्टडीतल्या ‘अडचण’ या भागात बहुतेक वेळा क्लायंटचं हेच वाक्य जरा सजवून येतं: ‘क्लायंटची साइट कालबाह्य झाली होती व त्यांना आधुनिक रूप हवं होतं.’ यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. पोर्टफोलिओ वाचणारा माणूस सहसा स्वतःच एखादा धंदा चालवत असतो. तो कारखान्याचा मालक असेल, क्लासचा संचालक असेल किंवा एखाद्या रुग्णालयाचा विश्वस्त. साइट जुनी झाली की ती नवी करतात, हे त्याला माहीत आहे. आपल्यासारख्या धंद्यातलं नेमकं कुठे अडतं हे या लोकांना शोधता येतं का, हे त्याला पाहायचं असतं.

म्हणून अडचण शोधावी लागते, आणि तीही काम हातात घेताना. आपल्या उदाहरणातली एजन्सी बागायतदाराकडून तीन गोष्टी मागून घेते: गेल्या हंगामातल्या ऑर्डरींची यादी, त्याच काळातला बँकेचा उतारा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकांशी झालेलं बोलणं. ही कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली की वेगळंच चित्र दिसतं. गेल्या हंगामात ३३० जणांनी पैसे भरले, पण त्यांपैकी ८० जणांना पैसे परत करावे लागले. कारण जुन्या साइटवर आधी पेटी निवडायची, मग यूपीआयने पैसे भरायचे आणि सगळ्यात शेवटी पत्ता द्यायचा, असा क्रम होता. नागपूरच्या किंवा इंदूरच्या ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर कळायचं की तिथे पेटी वेळेत पोहोचणार नाही, वाटेतच आंबा उतरेल. मग फोन, माफी, परतावा. ऐन एप्रिलमध्ये बागेत तोड चालू असताना घरातलं एक माणूस रोज संध्याकाळी याच कामाला बसलेलं असायचं.

आता अडचण अशी लिहिता येते: ‘पैसे भरणाऱ्या दर चार ग्राहकांपैकी जवळपास एकाला पैसे परत करावे लागत होते, कारण साइट पत्ता सगळ्यात शेवटी विचारत होती.’ एवढ्याने काम भागतं. बागायतदार हे बोलला नव्हता. त्याला परतावे हा हापूसच्या धंद्याचा भागच वाटत होता. क्लायंटने सांगितलेली अडचण आणि सापडलेली अडचण यांत जे अंतर असतं, ते केस स्टडीत मोकळेपणाने लिहावं, असं मला वाटतं. क्लायंटचा त्यात कमीपणा नाही. त्याला बाग कळते, साइट कशी चालते ते पाहणं हे एजन्सीचं काम.

याच वेळी ‘आधी’ची नोंद करून ठेवायची असते, आणि ती घाईने करावी लागते. जुन्या साइटच्या प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घ्यायचे, तेही फोनवरचे, कारण ग्राहक फोनवर असतात. ऑर्डर देताना एकामागून एक येणारे पडदे व्हिडिओत पकडून ठेवायचे. आकडेवारीचं तर आणखी नाजूक आहे, कारण साइट किती लोकांनी पाहिली याची मोजणी ज्या सेवा करतात, त्या सगळं कायमचं जपून ठेवत नाहीत. गूगलची सर्च कन्सोल ही सेवा शोधातून आलेल्या लोकांची नोंद १६ महिनेच ठेवते. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत बारकाव्यांची माहिती ठेवण्याची मुदत मुळात २ महिन्यांवर लावलेली असते. ती आपण होऊन १४ महिन्यांवर न्यावी लागते. ज्या साइटवर ही मुदत आधीच वाढवलेली नव्हती, तिथे डिसेंबरात काम सुरू करताना गेल्या एप्रिलमधल्या ग्राहकांची वाट कुठे तुटत होती ते बारकाईने शोधता येत नाही, कारण ती नोंद कधीच गेलेली असते. जुन्या आवृत्तीचं तर सगळंच संपलं. तिने १ जुलै २०२३ पासून नवीन नोंदी घेणं थांबवलं आणि २०२४ च्या जुलैपासून साठलेली आकडेवारी उघडून बघण्याची सोयही बंद झाली. ज्यांनी त्याआधी ती उतरवून घेतली नाही, त्यांच्या साइटचा त्या सेवेतला इतिहास गेला.

आपल्या बागायतदाराच्या बाबतीत मुख्य पुरावा बँकेच्या उताऱ्यात आहे, ही चांगली गोष्ट. लहान धंद्यात पुष्कळदा असंच असतं. सगळ्यात भरवशाचा आकडा साइटच्या मोजणीत सापडत नाही. तो क्लायंटच्या वहीत, पावतीपुस्तकात नाहीतर फोनवर असतो.

‘प्रक्रिया’ या दुसऱ्या भागात केस स्टडी सगळ्यात जास्त रटाळ होतात. संशोधन, आराखडा, डिझाइन, बांधणी, चाचणी, लाँच अशी चढती पायरी काढलेली असते आणि प्रत्येक पायरीखाली दोन ओळी. ही पायरी जगातल्या कुठल्याही साइटला लागू होते, त्यामुळे या साइटबद्दल ती काहीच सांगत नाही. मधल्या भागात सांगण्यासारखे असतात ते निर्णय. कोणते दोन-तीन मार्ग समोर होते, त्यांतला कोणता घेतला, आणि घेतलेल्या मार्गाची किंमत काय पडली?

आपल्या उदाहरणात तीन मार्ग होते. पहिला म्हणजे पेटी कुठे कुठे पोहोचते त्या पिनकोडची यादी साइटवर देणं. सोपा, एका दिवसाचा. पण शेकडो पिनकोडांची यादी फोनवर कुणी वाचत नाही. वाचलं नाही की पुन्हा तोच परतावा. दुसरा मार्ग, पत्त्याचं पान पैसे भरण्याच्या आधी आणणं. यात परतावे थांबतात, पण नागपूरचा ग्राहक पेटी निवडून, डझनाचा हिशेब करून, नाव-पत्ता लिहून शेवटी नकार ऐकतो. तिसरा मार्ग, पिनकोड अगदी पहिल्या पानावर, भाव दिसण्याच्याही आधी विचारणं. नकार द्यायचा तर तो पहिल्या मिनिटात.

बागायतदाराला तिसरा मार्ग पटत नव्हता. त्याचं म्हणणं होतं, माणसाला आधी आंबा दिसू दे, भाव कळू दे; दारातच पत्ता काय विचारायचा? हा आक्षेप खरा आहे, आणि केस स्टडीत तो यायलाच हवा. त्यावर झालेली तडजोड अशी: पहिल्या पानावर बागेचं छायाचित्र आणि त्याखाली एकच चौकट, ‘पेटी कुठे पाठवायची?’ तीत पिनकोड लिहिला की त्या भागासाठीचा भाव आणि पोहोचण्याचा दिवस दोन्ही एकदम दिसतात. चौकट विचारते तशी लगेच काही देतेही, म्हणून ती अडवणूक वाटत नाही.

मग ही चौकट बागायतदाराच्या जुन्या ग्राहकांपैकी काहींना त्यांच्याच फोनवर वापरायला दिली. तिथे एक गोष्ट समोर आली. कितीतरी लोकांनी पिनकोड लिहिलाच नाही. त्यांनी ‘कोथरूड’ लिहिलं, ‘डोंबिवली पूर्व’ लिहिलं. पिनकोड अनेकांच्या तोंडी नसतो. चौकट ही नावं ओळखत नव्हती आणि पुण्यातल्या माणसालाही ‘या भागात सेवा नाही’ म्हणून परत पाठवत होती. मग ठिकाणांची नावं ओळखण्याची सोय घातली, त्यात दोन आठवडे गेले आणि लाँच फेब्रुवारीच्या शेवटावर गेला. हा उशीर लपवू नये. वाचणाऱ्याला त्यातून कळतं की हे लोक साइट ग्राहकाच्या हातात देऊन पाहतात, आणि गडबड दिसली तर थांबतात. हा मधला भाग एवढाच पुरे. कोणत्या प्रणालीत साइट बांधली, कुठलं होस्टिंग घेतलं, हे एका वाक्यात सांगून पुढे जावं.

तिसरा भाग परिणामांचा. इथे फार जपून लिहावं लागतं, कारण इथले आकडे सहज खोटे ठरतात, आणि लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतानाही ठरतात.

पहिला सापळा हंगामाचा. फेब्रुवारीत लाँच झालेल्या आंब्याच्या साइटवर एप्रिलमध्ये दहापट गर्दी होणारच. जुनी साइट तशीच ठेवली असती तरी झाली असती. म्हणून ‘लाँचनंतर दोन महिन्यांत ऑर्डरी ९०० टक्के वाढल्या’ हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करतं. तुलना मागच्या हंगामाशी, त्याच महिन्यांशी करावी लागते. पण हापूसच्या बाबतीत तेवढंही पुरत नाही. एका वर्षी मोहोर चांगला येतो, दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसाने जातो. बागेत पेट्याच कमी निघाल्या तर साइट कितीही चांगली असो, विक्री कमीच होणार. आणि भरघोस पीक आलं तर त्याचं श्रेय साइटला देता येणार नाही. दिवाळीचा फराळ विकणारा, जूनमध्ये प्रवेश देणारा क्लास, लग्नाचा हॉल यांचंही असंच असतं. एकूण विक्री हा आकडा यांच्यापैकी कुणाच्याच साइटबद्दल फारसं सांगत नाही.

दुसरा सापळा जास्त खोल आहे, तो हिशेबात बसलेला असतो. समजा, जुन्या साइटवर ६४० जणांनी ‘ऑर्डर करा’ हे बटण दाबलं आणि ३३० जणांनी पैसे भरले, म्हणजे शंभरातले ५२. नव्या साइटवर ५२० जणांनी बटण दाबलं आणि ३४३ जणांनी पैसे भरले, म्हणजे शंभरातले ६६. लगेच लिहावंसं वाटतं की ऑर्डर पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ५२ वरून ६६ वर गेलं. पण हे ६४० आणि हे ५२० एकाच जातीचे लोक नाहीत. जुन्या साइटवर नागपूरचा माणूसही बटण दाबत होता. नव्या साइटवर तो त्याच्या आधीच, पिनकोडच्या चौकटीपाशी, परत फिरतो आणि मोजणीत येतच नाही. खाली भागणारी संख्या गाळून घेतल्यावर वरचं प्रमाण आपोआप सुधारतं. यातली किती सुधारणा खरी आणि किती या गाळणीमुळे, हे जुन्या नोंदींतून वेगळं काढता येत नाही, कारण पैसे न भरता निघून गेलेल्यांचे पत्ते जुन्या साइटने कधी विचारलेच नव्हते. तेव्हा हा आकडा केस स्टडीत टाकू नये. तो मोहक आहे, क्लायंटलाही आवडेल, तरीही टाकू नये.

मग दाखवायचं काय? जी अडचण पहिल्या भागात मांडली, तीच पुन्हा मोजायची. आधी पैसे भरलेल्या ३३० ऑर्डरींपैकी ८० परत करावे लागले, म्हणजे शंभरात २४. नव्या हंगामात ३४३ पैकी ४, म्हणजे शंभरात एकाच्या आसपास. या मोजणीला पीक कसं आलं याच्याशी फार देणंघेणं नाही. दोन्ही वर्षी ‘परतावा’ म्हणजे तीच गोष्ट आहे, बँकेच्या उताऱ्यात दिसणारी. आणि साइटमधल्या ज्या बदलामुळे हे घडलं, तो बदल आणि हा परिणाम यांच्यातला दुवा वाचणाऱ्याला स्वतःच दिसतो. संख्याही लहान असल्या तरी फरक इतका मोठा आहे की योगायोग म्हणून तो सोडून देता येत नाही. ८० ऐवजी मुळात १० परतावे असते आणि ते ७ वर आले असते, तर मात्र गप्प बसणंच बरं.

यासोबत एक उलटा आकडाही लिहावा लागेल. नव्या साइटचा बाउन्स रेट वाढलेला दिसेल, म्हणजे येऊन लगेच निघून जाणाऱ्यांचं प्रमाण. वाढणारच, कारण जिथे पेटी जात नाही तिथल्या माणसाला आता पहिल्याच पानावर तसं सांगितलं जातं आणि तो निघून जातो. या साइटसाठी ते चांगलं लक्षण आहे. पण केस स्टडीत तो आकडा लपवला आणि उद्या कुणी विचारलं, तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. दोन वाक्यांत कारण सांगून तो तिथे ठेवलेला बरा.

बाउन्स रेटचं आणखी एक सांगायला हवं, कारण गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ केस स्टडींमध्ये ‘बाउन्स रेट निम्म्यावर आला’ असं वाक्य सापडतं. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत एखादा माणूस एकच पान पाच मिनिटं वाचून, दुसरं काही न दाबता गेला, तरी तो बाउन्स धरला जायचा. नव्या आवृत्तीत तोच माणूस बाउन्स धरला जात नाही, कारण दहा सेकंदांहून जास्त थांबला की ती भेट उपयोगी मानली जाते. म्हणजे साइटला हातही न लावता, फक्त मोजणीची आवृत्ती बदलली की बाउन्स रेट खाली येतो. ‘आधी’चा आकडा जुन्या आवृत्तीतला आणि ‘नंतर’चा नव्यातला असेल, तर ती तुलनाच होत नाही. आणि बाउन्स रेट एकदम दोन-तीन टक्क्यांवर आला, तर आनंद मानण्याआधी मोजणीचा कोड पानावर चुकून दोनदा बसला आहे का ते पाहावं. तसं झालं की प्रत्येक भेट दोन पानांची मोजली जाते आणि कुणीच बाउन्स होत नाही.

वेगाचे आकडेही असेच तपासून घ्यावे लागतात. मुंबईच्या इकॉनॉमिक टाइम्सने आपल्या साइटवर केलेल्या कामाची केस स्टडी २०२१ साली प्रसिद्ध झाली. पानाचा मुख्य भाग दिसायला आधी ४.५ सेकंद लागत होते, ते २.५ वर आले. गूगलच्या मते चांगल्या साइटची मर्यादा हीच आहे. वाचता वाचता मजकूर खाली-वर सरकण्याचं मापही ०.२५ वरून ०.०९ झालं. वेगातली ही सुधारणा तिथे ८० टक्के म्हणून सांगितली आहे. वाचणाऱ्याने स्वतः भागाकार केला तर वेळ ४४ टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. दोन्ही हिशेब जमतात: वेग १.८ पट झाला म्हणून ८० टक्के जास्त, आणि वेळ ४.५ मधून २ सेकंद गेली म्हणून ४४ टक्के कमी. त्या वृत्तांतात मला आवडतं ते हे की, टक्क्यांच्या शेजारी ४.५ आणि २.५ हे मूळ आकडे छापलेले आहेत, त्यामुळे कुणालाही पडताळून पाहता येतं. नुसते टक्के लिहिले असते तर कुठला हिशेब धरला आहे हे कळलं नसतं. लहान एजन्सीने ही एक गोष्ट त्यातून जरूर घ्यावी: टक्के लिहायचे तर सोबत आधीची आणि नंतरची संख्या द्यायचीच.

वेग कुठे मोजला, हेही लिहावं. एजन्सीच्या कचेरीतल्या जलद वायफायवर, नव्या कॉम्प्युटरवर घेतलेली चाचणी म्हणजे ग्राहकाचा अनुभव नव्हे. गूगल खऱ्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमधून जी माहिती गोळा करून दाखवतं, ती मागच्या २८ दिवसांची एकत्र असते. त्यामुळे लाँचच्या दुसऱ्या दिवशी पाहिली तर तीत जवळजवळ सगळी जुनीच साइट असते. महिनाभर थांबावं लागतं. आणि आपल्या बागायतदारासारख्या लहान साइटवर इतके थोडे लोक येतात की ही माहिती बहुधा उपलब्धच नसते. मग चाचणीचाच आकडा द्यावा, पण तो चाचणीचा आहे, कोणत्या फोनवर आणि कसल्या नेटवर्कवर घेतला, हे शेजारी लिहावं.

एवढं सगळं तपासून झाल्यावर या साइटचा परिणाम असा लिहिता येईल: ‘मागच्या हंगामात पैसे भरलेल्या ३३० ऑर्डरींपैकी ८० ऑर्डरींचे पैसे परत करावे लागले होते. नव्या साइटच्या पहिल्या हंगामात, मार्च ते मे, ३४३ पैकी ४. परताव्याचे आकडे बागायतदाराच्या बँक उताऱ्यावरून घेतले आहेत. पहिल्याच पानावर ठिकाण विचारल्यामुळे सेवा नसलेल्या भागांतले लोक लवकर परत फिरतात, म्हणून बाउन्स रेट वाढला आहे. एकूण विक्रीची तुलना आम्ही केलेली नाही, कारण ती त्या वर्षीच्या पिकावर अवलंबून असते. शिवाय या हंगामात बागायतदाराने इन्स्टाग्रामवर प्रथमच जाहिराती दिल्या होत्या.’ शेवटचं अर्धं वाक्य पुष्कळांना नकोसं वाटेल. पण दुसरं काही त्याच वेळी बदललं असेल, तर ते सांगितल्याशिवाय परिणाम लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेणं.

परवानगीचा प्रश्न बहुतेक एजन्सींना सगळं लिहून झाल्यावर आठवतो. तो मुळात कामाच्या करारात असायला हवा: काम झाल्यावर त्याबद्दल लिहिता येईल का, नाव देता येईल का, कोणते आकडे देता येतील. बागायतदाराला आपण किती पेट्या विकतो हे शेजारच्या बागवाल्याला कळू द्यायचं नसेल, तर ३३० आणि ३४३ हे आकडे देता येणार नाहीत. अशा वेळी ‘दर शंभर ऑर्डरींत २४, आता एक’ असं लिहावं आणि एकूण ऑर्डरी ‘दोन्ही हंगामांत प्रत्येकी तीनशेहून जास्त’ अशा सांगाव्यात. तेही त्याला चालत असेल तरच. एकूण संख्येचा अंदाजच नसेल तर ते २४ दहा ऑर्डरींवरून काढले की हजारांवरून, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये याहून मोठी चूक होते. साइट मालकाला मागच्या बाजूने कशी दिसते ते दाखवायला ऑर्डरींच्या यादीचं चित्र टाकलं जातं आणि त्यात खऱ्या ग्राहकांची नावं, फोन नंबर, घरचे पत्ते वाचता येतात. नुसतं धूसर करून भागत नाही; कधी कधी धूसर केलेलेही अंक ओळखू येतात. चाचणीसाठी खोट्या नावांच्या ऑर्डरी भरायच्या आणि त्या पानाचं चित्र घ्यायचं, हा साधा उपाय आहे.

क्लायंटचं मत छापायचं असेल तर ते त्याच्याच शब्दांत घ्यावं. एजन्सीने लिहून दिलेल्या आणि क्लायंटने ‘ठीक आहे’ म्हटलेल्या वाक्यात उत्कृष्ट सेवा, वेळेत काम, खूप समाधानी असे शब्द येतात आणि वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. बागायतदाराला हंगाम संपल्यावर फोन करून विचारावं, यंदा एप्रिलमध्ये संध्याकाळी काय केलंत? तो जे सांगेल ते, त्याच्या बोलीत, त्याला वाचून दाखवून छापावं.

वेळेचंही एक आहे. आपली साइट फेब्रुवारीत चालू झाली, तर मार्चमध्ये केस स्टडी लिहिताना परिणामांचा भाग असूच शकत नाही. एजन्सीला मात्र घाई असते, कारण नवीन काम मिळवायचं असतं. तेव्हा अडचण आणि निर्णय यांचे दोन भाग आधी प्रसिद्ध करावेत आणि परिणाम हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, लिहू असं तिथेच नोंदवावं. केस स्टडीवर तारीख घालावी. दोन-तीन वर्षांनी बागायतदार साइट स्वतः बदलेल किंवा दुसऱ्या एजन्सीकडे जाईल. मग आपल्या पानावरच्या लिंकवर गेलेल्या माणसाला वेगळीच साइट दिसेल आणि लिहिलेलं सगळं खोटं वाटेल. अशा वेळी लिंक काढून तिथे लाँचच्या दिवशी घेतलेली चित्रं ठेवायची, आणि खाली लिहायचं की ही साइट या रूपात अमुक हंगामापर्यंत चालू होती.